१४.४५, १२ की १०? मधल्या तारेमुळे फसवणारी आकृती पुन्हा काढून परिणामी रोध कसा काढायचा

डिप्लोमा_दिग्रस

सरावाच्या वहीतलं एक गणित अडलं आहे. इथे फोटो चढत नाही, म्हणून आकृती शब्दांत लिहिते.

डावीकडून उजवीकडे एका सरळ रेषेत अ, मग R1, मग ब, मग R2, मग क, मग R3, मग ड, मग R5 आणि शेवटी इ. ब पासून खाली एक फाटा निघतो, त्यात R4 आहे आणि तो पुढे ड ला येऊन मिळतो. अ पासून वरून एक कमान काढली आहे, ती थेट क ला टेकते. त्या कमानीत रोध नाही, नुसती तार आहे.

R1 = ३ ओहम, R2 = ६, R3 = ६, R4 = १०, R5 = ६. अ आणि इ यांच्यामध्ये परिणामी रोध काढायचा आहे.

मी असं केलं: R2 आणि R3 एका रेषेत आहेत म्हणून एकसर, १२ ओहम. त्याला खालचा R4 समांतर, म्हणून १२० ÷ २२ = ५.४५. मग R1 आणि R5 मिळवले, ३ + ५.४५ + ६ = १४.४५. मागे उत्तर १० दिलं आहे. वरच्या तारेचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून ती सोडून दिली. चूक तिथेच असणार, पण तार घ्यायची कशी?

शॉर्टकट_उमरेड

तार सोडून दिली हीच चूक. तारेचा रोध शून्य. अ पासून क पर्यंत शून्य रोधाची वाट मोकळी असताना प्रवाह R1 आणि R2 मधून कशाला जाईल? दोन्ही शॉर्ट झाले, खोडून टाका. ते गेले की ब चा अ शी संबंध तुटला, म्हणजे R4 पण लटकला. उरले R3 आणि R5, ६ + ६ = १२. मागचं उत्तर छापताना चुकलं असेल.

डिप्लोमा_दिग्रस

मागचं उत्तर चुकीचं असेल असं वाटत नाही सर, त्याच वहीतली बाकीची सगळी बरोबर आली आहेत. पण १२ सुद्धा पटण्यासारखं आहे. आता तीन उत्तरं झाली.

वीजतंत्री_दारव्हा

उत्तर १० च आहे. आधी तुझी चूक पाहू, मग उमरेडच्या भाऊंची, कारण दोन्ही वेगळ्या आहेत.

R2 आणि R3 कागदावर एका रेषेत आहेत म्हणून तू त्यांना एकसर धरलंस. कागदावरची रेष एकसर जोडणी ठरवत नाही. दोन रोधांच्या मधल्या सांध्यावर तिसरं काहीही येऊन मिळत नसेल, तरच ते एकसर, कारण तेव्हाच एकातून आलेला सगळा प्रवाह दुसऱ्यात जातो. इथे क वर वरून तार येते. म्हणजे R2 आणि R3 एकसर नाहीत, मग ते कितीही सरळ रेषेत काढलेले असोत.

आता आकृती पुन्हा काढू. पेन्सिल अ वर ठेव आणि फक्त तारेवरून फिरव. रोध आडवा आला की थांब. जिथे जिथे पेन्सिल रोध न ओलांडता पोचते, ती सगळी जागा म्हणजे एकच बिंदू, तिला एकच अक्षर. अ पासून कमानीवरून गेलीस तर पेन्सिल थेट क वर पोचते. मध्ये रोध नाही. म्हणजे आकृतीत क नावाचा वेगळा बिंदू नाहीच. क खोड आणि तिथे अ लिही. तारेचं काम एवढंच होतं, दोन नावं एक करायचं. ते झालं की तार पुसून टाकायची.

आता आकृती बाजूला ठेव आणि प्रत्येक रोधाची दोन टोकं कोणत्या अक्षरांवर आहेत एवढंच लिही:

```
R1 =  ३    अ – ब
R2 =  ६    ब – अ     (आधी ब – क होता)
R3 =  ६    अ – ड     (आधी क – ड होता)
R4 = १०    ब – ड
R5 =  ६    ड – इ
```

या यादीत दोनच गोष्टी शोधायच्या.

पहिली, अक्षरांची जोडी तीच असलेले दोन रोध. R1 ची टोकं अ–ब, R2 ची ब–अ. जोडी तीच, उलट लिहिली म्हणून फरक पडत नाही. म्हणजे ते समांतर: (३ × ६) ÷ (३ + ६) = २ ओहम. दोन्ही खोडून एकच ओळ लिही, २ ओहम, अ–ब.

दुसरी, यादीत फक्त दोनदाच येणारं अक्षर. सुरुवातीला ब तीनदा होता, R1, R2 आणि R4 मध्ये. पहिले दोन एक झाल्यावर आता तो दोनदाच आहे, २ ओहमच्या ओळीत आणि R4 च्या ओळीत. दोनदाच म्हणजे त्या सांध्यावर तिसरं काही नाही, म्हणजे एकसर: २ + १० = १२ ओहम, अ–ड. ब हे अक्षर संपलं.

आता अ–ड या जोडीत दोन रोध आहेत, हा १२ आणि R3 चा ६. समांतर, ७२ ÷ १८ = ४. मग ड दोनदाच उरतो, ४ च्या ओळीत आणि R5 मध्ये. एकसर, ४ + ६ = १०.

आकृती हवीच असेल तर अ डाव्या टोकाला, इ उजव्या टोकाला, मध्ये ब आणि ड असे फक्त चार बिंदू लांब लांब मांड आणि यादीतला एकेक रोध त्याच्या दोन अक्षरांमध्ये बसव. हे असं येईल:

```
     ┌── R1 ──┐
अ ──┤         ├── ब ── R4 ──┐
 │   └── R2 ──┘              ├── ड ── R5 ── इ
 │                           │
 └─────────── R3 ────────────┘
```

मूळ आकृतीशी हिचं रूप जुळत नाही, पण प्रत्येक रोधाची टोकं तीच आहेत. एक नियम मात्र पाळायचा: ज्या दोन टोकांमध्ये रोध मागितला आहे ती अक्षरं, म्हणजे इथे अ आणि इ, कधीच खोडायची नाहीत. ती यादीत दोनदा आली तरी नाही, कारण तिथे बाहेरून तिसरी वायर लागणार असते.

शॉर्टकट_उमरेड

यादी समजली. पण माझ्या मुद्द्याचं उत्तर त्यात नाही. अ आणि क जर एकच बिंदू, तर R1 आणि R2 ची साखळी अ पासून निघून अ वरच परत येते. दोन्ही टोकांना व्होल्टेज तेच, मग प्रवाह शून्यच असला पाहिजे.

वीजतंत्री_दारव्हा

साखळीच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज तेच आहे, हे बरोबर. पण साखळीच्या मध्यावर ब आहे आणि तिथून R4 प्रवाह ओढतो. ब वर R4 नसता तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, दोन्ही रोध बिनकामाचे झाले असते.

आकड्यांनी पाहू. अ आणि इ मध्ये ९० व्होल्ट लावले असं समजा. हे कागदावरच, भाग सुटसुटीत जावा म्हणून. एकूण रोध १० असेल तर प्रवाह ९ अँपिअर. R5 वर ९ × ६ = ५४ व्होल्ट पडले. म्हणजे अ आणि ड मध्ये उरले ३६. R3 थेट अ–ड आहे, त्यातून ३६ ÷ ६ = ६ अँपिअर. ब वरून जाणाऱ्या वाटेचा रोध १२, त्यातून ३६ ÷ १२ = ३ अँपिअर. बेरीज ९, जुळली. R4 वर ३ × १० = ३० व्होल्ट पडले, म्हणून ब हा अ पेक्षा ६ व्होल्टने खाली. आता R1 मधून ६ ÷ ३ = २ अँपिअर आणि R2 मधून ६ ÷ ६ = १ अँपिअर. दोन्ही ब वर येऊन मिळतात, ३ होतात आणि R4 मधून खाली जातात.

म्हणजे R1, R2 मेलेले नाहीत. आणि मूळ आकृतीत पाहा, R2 मधला प्रवाह क कडून ब कडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाहतो. वरच्या तारेतून ७ अँपिअर येतात, त्यातले ६ पुढे R3 मध्ये जातात आणि १ मागे वळतो. बहुतेकांना ही आकृती अवघड जाते ती इथेच. डोळा गृहीत धरतो की सगळा प्रवाह डावीकडून उजवीकडेच जाणार.

रोध शॉर्ट झाला असं केव्हा म्हणायचं, तर यादीत त्या एकट्या रोधाच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर आलं तर. अ–अ असं आलं की तो खोडा. दोन रोधांच्या साखळीला हा नियम लावायचा असेल तर आधी मधला सांधा मोकळा आहे ना ते पाहा.

शॉर्टकट_उमरेड

३६, ६, ३ सगळं जुळतं. १२ मागे घेतो. R2 उलटा वाहतो हे लक्षातच आलं नव्हतं.

मोटरवाइंडिंग_आर्णी

हे तं स्टार-डेल्टाचं गणित हाय ना भाऊ? अ, ब, क असे तीन कोने आले म्हणजे डेल्टा. आमच्या इकडं थ्री फेज मोटर येते, डेल्टात बांधलेली. एक वाइंडिंग सुटं मोजलं तं ६ ओहम भरते. पन तिन्ही जोडल्यावर कोनत्याबी दोन टर्मिनलवर मीटर लावलं तं ४ च दाखवते. वाइंडिंग खराब झालं म्हनून लोक मोटर खोलाले घेऊन येतात. हे ४ काहून येते ते या यादीनं निघते काय?

वीजतंत्री_दारव्हा

भाऊ, या गणितात डेल्टा नाही. अ आणि क एकच झाल्यावर त्रिकोणाचे दोन कोपरे एकावर एक आले, त्रिकोण उरलाच नाही. पण तुमचं ४ यादीनं लगेच निघतं.

टर्मिनलना य, र, ल म्हणू. वाइंडिंग तीन: य–र, र–ल, ल–य, प्रत्येकी ६. तुम्ही मीटर य आणि र वर लावलं. य, र खोडायचे नाहीत. ल यादीत दोनदाच येतो, म्हणून र–ल आणि ल–य एकसर, १२. आता य–र मध्ये ६ आणि १२ समांतर, ७२ ÷ १८ = ४. वाइंडिंग ठीक आहे. तिन्ही जोड्यांवर ४ च यायला पाहिजे.

एखादं वाइंडिंग तुटलं तर तेही याच यादीत दिसतं. समजा य–र तुटलं, ती ओळ खोडा. मग य–र वर मीटर १२ दाखवेल, आणि बाकी दोन जोड्यांवर ६ आणि ६. ज्या जोडीवर दुप्पट आकडा येतो, तुटलेलं वाइंडिंग त्याच जोडीतलं.

मोटरवाइंडिंग_आर्णी

१२, ६, ६. बराबर हाय, असंच येते. जळालेल्या मोटरीत पाह्यलं हाय, पन कारन आज समजलं.

विज्ञान_मॅडम_मेहकर

वीजतंत्री सरांची यादी अचूक आहे, पण शाळेतल्या मुलांना अक्षरांपेक्षा रंग लवकर कळतात असं माझं मत आहे. एका बिंदूची सगळी तार एका रंगाने गिरवायची, रोध ओलांडला की रंग बदलायचा. इथे अ, कमान आणि क हे सगळं लाल होतं आणि R1, R2 या दोघांच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळा दिसतो. समांतर आहेत हे सांगावंही लागत नाही.

एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या आकृतीत एक काळजी घ्या. दोन तारा एकमेकींवरून जाताना काढल्या असतील आणि छेदावर ठिपका नसेल, तर तिथे जोड नाही, रंग सरळ पुढे न्यायचा. ठिपका असेल तरच रंग फाट्यात वळवायचा.

आणि डिप्लोमा_दिग्रस, ब्रेडबोर्ड असेल तर हे गणित करून पाहा. पाचही रोध १ किलोओहमचे घेतलेस तरी चालेल, पट्टे तपकिरी, काळा, लाल, सोनेरी. अपेक्षित उत्तर आधी वहीत काढ: १ आणि १ समांतर ०.५, त्यात R4 चा १ मिळवून १.५, त्याला R3 चा १ समांतर म्हणजे ०.६, शेवटी R5 चा १ मिळवून १.६ किलोओहम. ब्रेडबोर्डवर आडव्या ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात, म्हणजे एक ओळ म्हणजेच एक अक्षर. अ, ब, क, ड, इ साठी पाच ओळी घे आणि अ–क मध्ये तारेचा तुकडा टाक.

वीजतंत्री_दारव्हा

मॅडम, रंग सहा-सात बिंदूंपर्यंत ठीक. पण परीक्षेत निळं आणि काळं पेन एवढंच हाताशी असतं, आणि रंग गिरवल्यावर आकृती खोडून पुढची पायरी दाखवता येत नाही. यादीत प्रत्येक पायरी खाली खाली उतरते, चूक झाली तर कोणत्या ओळीत झाली ते सापडतं.

विज्ञान_मॅडम_मेहकर

यादीत टोक लिहितानाच चूक झाली तर ती सापडत नाही सर. R4 अ–ड लिहिला की पुढचं सगळं गणित बरोबर आणि उत्तर चूक. रंगात ती चूक डोळ्यांना दिसते. मी दोन्ही करायला सांगेन, आधी रंग, मग त्यावरून यादी.

डिप्लोमा_दिग्रस

ब्रेडबोर्डवर लावलं. मीटर 2000 वर ठेवला. पडद्यावर डाव्या बाजूला नुसता 1 येतो, बाकी काही नाही. कुठेतरी तुटलं आहे का?

विज्ञान_मॅडम_मेहकर

तुटलं असेलच असं नाही. 2000 च्या रेंजवर मीटर १९९९ ओहमपर्यंतच दाखवतो, त्याच्या वर गेलं की नुसता 1. रेंज 20k वर कर आणि काय येतं ते लिही. बॅटरी जोडलेली नाही ना ते पण पाहा, रोध मोजताना ती सुटीच पाहिजे.

डिप्लोमा_दिग्रस

बॅटरी नाही. 20k वर 2.65 आलं.

वीजतंत्री_दारव्हा

तुझी अ–क तार लागलेली नाही. तार नसेल तर तुझं पहिलं गणितच खरं होतं: R2 आणि R3 एकसर २, त्याला R4 चा १ समांतर ०.६६७, वर R1 आणि R5, एकूण २.६६७ किलोओहम. मीटरने बिनतारेच्या आकृतीचं बरोबर उत्तर दाखवलं आहे. तारेचं एक टोक शेजारच्या ओळीत गेलं असेल.

डिप्लोमा_दिग्रस

हो, क च्या खालच्या ओळीत होतं. आता 1.66 येतं. १.६ च्या जवळ आहे, झालं ना?

विज्ञान_मॅडम_मेहकर

जवळ आहे. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के, सगळे रोध पाच टक्क्यांच्या आत असतील तर उत्तरही पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे १.५२ ते १.६८. बसतंय.

वीजतंत्री_दारव्हा

मॅडम, थांबा. १.६६ या आकड्यावर विश्वास ठेवू नका. R1 किंवा R2 पैकी एकाचा पाय भोकात नीट बसला नसेल तरी हेच येतं. R1 सुटला असं धरा: R2 आणि R4 एकसर २, त्याला R3 समांतर ०.६६७, अधिक R5, १.६६७. पाच टक्क्यांच्या रोधांनी १.६ आणि १.६६७ वेगळे ओळखता येत नाहीत.

सगळे रोध सारखे घेतले की ही अडचण येते. R1, R2 च्या समांतर जोडीपेक्षा R4 आणि R5 मोठे असल्यामुळे त्या जोडीतला बदल त्यांच्याखाली दबतो. वहीतल्या मूळ आकड्यांतही तेच आहे, ३ चा R1 काढला तर उत्तर १० वरून जेमतेम १०.३६ होतं.

R4 आणि R5 बदलून १०० ओहमचे लाव, पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी, सोनेरी. बाकी तीन १ किलोओहमचेच राहू दे. आता बरोबर जोडणीचं उत्तर: ५०० + १०० = ६००, त्याला १००० समांतर ३७५, अधिक १००, ४७५ ओहम. R1 किंवा R2 सुटला असेल तर ११०० ला १००० समांतर ५२४, अधिक १००, ६२४. तार निसटली तर ११९५. तिन्ही आकडे दूर दूर आहेत, गोंधळ होणार नाही.

डिप्लोमा_दिग्रस

622 आलं! R2 चा एक पाय वाकून वर आला होता. नीट बसवला, आता 478. मग मुद्दाम R1 उपसला, परत 620 च्या आसपास.

आणि एक करून पाहिलं. मीटरची एक पिन इ वरून काढून ड वर ठेवली तर आकडा नेमका १०० ने कमी झाला. R5 ला दुसऱ्या टोकाला काहीच नाही, म्हणून तो मोजलाच गेला नाही. बरोबर ना?

वीजतंत्री_दारव्हा

बरोबर. यादीत जे अक्षर फक्त एकदा येतं आणि जे मोजायचं टोकही नाही, त्या अक्षराचा रोध खोडायचा. मोजायची टोकं बदलली की यादी तीच राहते, पण कोणतं अक्षर राखायचं ते बदलतं. मूळ आकड्यांनी ब आणि ड मध्ये मोजलं तर २ + ६ = ८, त्याला १० समांतर, ४.४४ ओहम. तेच रोध, तीच तार, उत्तर वेगळं. "या आकृतीचा रोध किती" असं विचारणं म्हणून अपुरं असतं, कोणत्या दोन टोकांमध्ये ते सांगावंच लागतं.

रात्रपाळी_वणी

धागा सगळा वाचला. वरच्या कमानीत नुसती तार न ठेवता एक रोध टाकला तर? समजा ३ ओहम. यादी केली: R1 अ–ब, R2 ब–क, R3 क–ड, R4 ब–ड, R5 ड–इ आणि नवा R6 अ–क. जोडी एकही सारखी नाही. दोनदा येणारं अक्षर म्हटलं तर अ आहे, पण तो टोकाचा, खोडता येत नाही. ड तीनदा. यादी अडकली.

वीजतंत्री_दारव्हा

अडकणारच. तुम्ही जो रोध टाकलात त्याने ब्रिज तयार झाला. R2 मध्ये आडवा, चार बाजूंना R1, R6, R4, R3. ही जोडणी एकसरही नाही आणि समांतरही नाही, आकृती कितीही वेळा पुन्हा काढली तरी ती सुटणार नाही. यादीचा उपयोग एवढाच की ती प्रामाणिकपणे अडकते. नुसती आकृती पाहून करणारा माणूस इथे जबरदस्तीने दोन रोध एकसर धरून पुढे जातो.

आर्णीच्या भाऊंनी आधी काढलेलं स्टार-डेल्टा इथे लागतं. अ, ब, क हा त्रिकोण आता खरा आहे: R1 ३, R2 ६, R6 ३, बेरीज १२. त्याच्या जागी मध्यबिंदू घेऊन तीन पाय काढायचे. प्रत्येक कोपऱ्याचा पाय म्हणजे त्या कोपऱ्यावर मिळणाऱ्या दोन रोधांचा गुणाकार भागिले तिघांची बेरीज. अ चा पाय ९ ÷ १२ = ०.७५, ब चा १८ ÷ १२ = १.५, क चा १८ ÷ १२ = १.५. आता यादी पुन्हा चालू होते: १.५ + १० = ११.५ आणि १.५ + ६ = ७.५ समांतर, ४.५४. त्यात ०.७५ आणि R5 चे ६ मिळवले की ११.२९ ओहम.

पडताळा सोपा आहे. R6 शून्य केला तर आपली तार, उत्तर १०. R6 काढूनच टाकला तर १४.४५. मधल्या कोणत्याही R6 साठी उत्तर या दोघांच्या मध्येच यायला हवं.

शॉर्टकट_उमरेड

R6 जर १.८ असेल तर स्टार-डेल्टाची गरज पडत नाही. R1 ला R4, म्हणजे ३ ला १०, आणि R6 ला R3, म्हणजे १.८ ला ६, हे प्रमाण एकच होतं. ब आणि क ला व्होल्टेज सारखं, R2 मधून प्रवाह नाही, तो खोडायचा. मग १३ आणि ७.८ समांतर ४.८७५, अधिक ६, १०.८७५. यावेळी खोडणं बरोबर आहे ना सर?

वीजतंत्री_दारव्हा

पूर्ण बरोबर. १० आणि १४.४५ च्या मध्येही बसतं.

मोटरवाइंडिंग_आर्णी

माया कामाचं विचारतो. डेल्टातल्याच एका मोटरीचे तीन आकडे हायेत: ३.०, ३.८, ३.८. तुटलेली नाई, कारन १२ कुठंच नाई. मंग काय धरावं?

शॉर्टकट_उमरेड

यादीने पाहिलं. ज्या जोडीवर ३.० येतं तिथलं वाइंडिंग ६ च्या ऐवजी ४ धरलं तर त्या जोडीवर ४ ला १२ समांतर, बरोबर ३. बाकी जोड्यांवर ६ ला १० समांतर, ३.७५, मीटर ३.८ दाखवेल. तिन्ही आकडे जुळतात. म्हणजे त्या वाइंडिंगचे काही वेढे आपसात शॉर्ट झाले असावेत.

वीजतंत्री_दारव्हा

गणित बरोबर आहे, पण मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर काय आकडा येतो ते आधी सांगा भाऊ. साध्या मीटरच्या वायरीच ०.३, ०.४ ओहम दाखवतात आणि तो आकडा तिन्ही मापांतून वजा करावा लागतो. ३ आणि ३.८ सारख्या लहान आकड्यांत तेवढ्याने गणित हलतं. टर्मिनलवर गंज असेल तर एकाच जोडीचा आकडा वेगळा येऊ शकतो, मात्र गंजाने आकडा वाढतो, कमी होत नाही.

मोटरवाइंडिंग_आर्णी

पिना टेकवल्या तं ०.४ येते. मंग २.६, ३.४, ३.४ झाले. ६ चं वाइंडिंग सुटं मोजलं तवा ०.४ वजा केले नवते, म्हनजे ते बी ५.६ च. आता जोडपट्ट्या काढून तिन्ही वाइंडिंग सुटे मोजतो, मंग टाकतो इथं.